अजून एक विचारायचं राहिलं

आमच्या कार्यशाळेला यंदा चाळीस वर्षं पूर्ण होतात. त्यानिमित्त एक छोटी पुस्तिका निघणार आहे, आणि मास्तरांवर दोन पानं मी लिहावीत असं साहेबांनी सांगितलं. मी सामानाच्या खोलीत बसणारा माणूस, इथला भांडारी. प्लास्टर किती पोती, चामडं किती, पट्टे किती, याच्यापलीकडे माझ्या हातून फारसं लिहून झालेलं नाही. मी म्हटलं, दुसऱ्या कुणाला तरी सांगा. साहेब म्हणाले, "तुम्ही त्यांचे मित्र. तुमच्याइतकं कुणाला ठाऊक आहे?" मित्र होतो हे खरं आहे. म्हणून लिहितो. छापायचं की नाही ते त्यांनी ठरवावं.

आमच्याकडे कृत्रिम पाय तयार होतात. मास्तर इथले सगळ्यात जुने कारागीर. उंच, थोडे वाकलेले, शर्टाच्या खिशात दोन पेन्सिली आणि कागदाच्या लहान लहान चिठ्ठ्या. त्यांना सगळे पाठीमागे 'नक्की' म्हणायचे, कारण कुणी काहीही सांगितलं की त्यांचा पहिला शब्द तोच. "दुखतं" म्हटलं की "नक्की कुठे?" "चालताना" म्हटलं की "नक्की कुठलं पाऊल टाकताना?" चहा हवा का असं विचारलं तरी म्हणायचे, "नक्की कुणी केलाय?" त्यावर आम्ही हसायचो. तेही हसायचे.

पण त्या विचारण्यात दम होता. एकदा एक शिवणकाम करणारी बाई आली. डावा पाय गुडघ्याखाली गेलेला. मापं झाली, सगळं झालं, ती निघाली आणि मास्तरांनी मागून हाक मारली, "ताई, मशीन कुठल्या पायाने मारता?" ती म्हणाली, डाव्यानेच, आता उजव्याने जमवते आहे. मास्तरांनी घोट्याचा कोन बदलला, पुढचा भाग जरा सैल ठेवला. दोन महिन्यांनी ती साहेबांसाठी एक उशीचा अभ्रा शिवून घेऊन आली आणि टेबलावर ठेवून म्हणाली, "डाव्या पायाने शिवलाय." तेव्हापासून मास्तरांच्या प्रश्नाला कुणी हसेनासं झालं. मीही सगळीकडे सांगत सुटलो की आमच्या मास्तरांसारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही.

माझा धाकटा भाऊ बसच्या डेपोत मेकॅनिक होता. खड्ड्यात उतरून गाडीच्या पोटाखालचं काम करणारा. तीन वर्षांपूर्वी जॅक सरकला आणि त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. आम्ही एकाच घरात राहतो, मी खाली, तो वर. घरात सगळे त्याला अजून धाकट्याच म्हणतात, त्याचे केस पिकले तरी. जखम भरली तेव्हा डेपोतून पत्र आलं. सहा महिन्यांत चालत या, साहेबांसमोर खड्ड्याच्या शिडीवरून उतरून वर चढून दाखवा, जागा तुमची. नाहीतर जागा भरली जाईल.

शेजारच्या शहरात दुसरी कार्यशाळा आहे. त्यांनी दोन आठवड्यांत माप घेतो आणि पुढच्या महिन्यात पाय देतो असं कळवलं होतं. भावजयीने मला विचारलं, "दादा, तिकडे जाऊ या का?" मी म्हणालो, "छे! घरचं सोडून बाहेर कशाला? मास्तर स्वतः करतील." ते वाक्य मी किती ऐटीत बोललो होतो ते मला आठवतं.

मास्तरांनी पहिल्याच आठवड्यात त्याला बोलावलं. उरलेल्या पायाभोवती ओल्या प्लास्टरची पट्टी गुंडाळून साचा घेतला. हा साचा नंतर आतून प्लास्टरने भरतात आणि फोडतात, म्हणजे पायाचा जसाच्या तसा ठोकळा मिळतो. मग कारागीर कानशीने तो ठोकळा घासतो. जिथे पायाला भार सोसवतो तिथे कमी करतो, जिथे हाड नाजूक असतं तिथे थोडं प्लास्टर चढवतो. त्या ठोकळ्यावर खोबण बनते, आणि त्या खोबणीत माणूस पाय घालून उभा राहतो. अर्थात हे सगळं मी बघून बघून शिकलो. मी काही कारागीर नाही.

त्या दिवशी मास्तरांनी आठ-दहा प्रश्न विचारले. वजन किती? खड्ड्याची शिडी किती उभी? उतरताना कुठला पाय आधी टाकतोस? बूट कसले घालतोस? धाकट्याने सगळ्याची उत्तरं दिली. बाहेर आल्यावर म्हणाला, "दादा, डॉक्टरांनीसुद्धा एवढं विचारलं नव्हतं. माणूस कामाचा आहे."

आठ दिवसांनी मास्तर माझ्या खोलीत आले. "भांडारी, दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. तुमचा भाऊ कुबड्यांवर दोन बस बदलून कशाला येतो? तुम्हीच विचारून सांगा." आणि एक चिठ्ठी दिली. मी संध्याकाळी वर गेलो, विचारलं, चिठ्ठीच्या मागे उत्तर लिहिलं, सकाळी दिलं. मग दुसरी आली, मग तिसरी.

सुरुवातीला घरात त्याची मजा वाटायची. चिठ्ठी दिसली की भावजय म्हणायची, "आली परीक्षा!" आणि धाकट्या ताठ बसायचा. पण प्रश्न बदलत गेले. घरातल्या जिन्याची पायरी किती उंच? ठीक. पलंगावरून कुठल्या बाजूने उठतोस? बरं. न्हाणीघराची फरशी कशी आहे? मग आलं, पुढच्या वर्षी वजन वाढेल असं वाटतं का? थंडीत हा पाय जास्त आक्रसेल का? खोबण थोडी घट्ट आवडेल की थोडी सैल?

"घट्ट की सैल हे घातल्याशिवाय मला कसं कळणार?" धाकट्या म्हणाला. "लिही, माहीत नाही."

मी 'माहीत नाही' असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत परत आला. त्याने यावेळी 'मध्यम' असं सांगितलं. लगेच पुढची चिठ्ठी आली, मध्यम म्हणजे नक्की किती?

"त्यांना विचार," धाकट्या म्हणाला, "मी स्वप्नात धावतो तेव्हा उजवा पाय असतो की नसतो, तेही सांगू का?"

"चेष्टा नको रे. ते काम करतायत."

"काम करतायत हे तू पाहिलंस का?"

मी म्हणालो, "मी रोज तिथेच असतो." मी तिथे असतो हे खरं होतं. पाहिलं नव्हतं. मास्तरांच्या बाकापर्यंत माझ्या खोलीतून चाळीस पावलं असतील. मला वाटलं, इतकं विचारतात त्याअर्थी काम पुढे सरकतच असणार. प्रश्न आला की मला बरं वाटायचं, चला, आज तिथपर्यंत पोचले. मी मास्तरांना दर आठवड्याला विचारायचो, "कुठवर आलं?" ते म्हणायचे, "चालू आहे. एवढं एक कळलं की झालं."

मधल्या काळात धाकट्याला गुडघा सरळ ठेवायचे व्यायाम सांगितले होते. पहिले दोन महिने त्याने नेमाने केले. मग पाय काही येईना, तसा तो खुर्चीत बसून राहू लागला, गुडघा वाकवून. भावजय ओरडायची. तो म्हणायचा, "कशासाठी करू? घालायचं काय, चिठ्ठ्या?"

पाचवा महिना सरत आला. एका सकाळी मास्तर रजेवर होते. मला बाकावरची कानस नवीन द्यायची होती, म्हणून मीच घेऊन गेलो. बाकाखालच्या फळीवर फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यावर माझ्या भावाचा नंबर. मी फडकं सोडलं.

आतला ठोकळा जसा साच्यातून निघाला तसाच होता. पट्टीच्या विणीचे ठसेसुद्धा त्यावर शाबूत होते. कानशीचा एक ओरखडा त्यावर नव्हता. वर धुळीचा थर. शेजारी रबर लावून नीट ठेवलेल्या चिठ्ठ्या, तारखेप्रमाणे लावलेल्या. मी मोजल्या. एक्केचाळीस. प्रत्येकीच्या मागे माझं अक्षर.

आमच्याकडे चामड्याचं काम करणाऱ्या आणि पुढे खोबण बनवायला शिकलेल्या एक बाई आहेत. आम्ही त्यांना नुसतं बाई म्हणतो. त्या समोरच्या बाकावरून म्हणाल्या, "आज पाहिलंत होय? मला वाटलं तुम्हाला माहीत आहे."

"तुम्हाला माहीत होतं?"

"वर्षभर असंच चाललंय. सोपी कामं आमच्याकडे सरकवतात. अवघड ठेवून घेतात आणि विचारत बसतात. बोललं की म्हणतात, घाई करून एकीचा पाय घालवला, आता परत नाही."

मग मला ती गोष्ट कळली. एक शिक्षिका होती, साखरेचा आजार असलेली. मास्तरांनी तिला पाय दिला. आत घासत होतं, पण तिला त्या जागी स्पर्शच कळत नव्हता. तिने काही दुखत नाही असं सांगितलं, जखम चिघळली, पुन्हा वरून कापावं लागलं. स्पर्श कळतो का, हा एक प्रश्न मास्तरांनी विचारला नव्हता. मला हे कधी सांगितलं नाही. तीस वर्षं रोज डबा एकत्र खाल्ला आणि हे सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते आले. मी चिठ्ठ्या त्यांच्यापुढे ठेवल्या.

ते म्हणाले, "बरं झालं आणल्यात. एक विचारायचं राहिलं."

तीस वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना एकेरी बोललो. "तू कानस एकदासुद्धा लावली नाहीस."

"अजून सगळं स्पष्ट नव्हतं."

"एक्केचाळीस उत्तरं दिली रे आम्ही!"

"उत्तरं जुळत नव्हती. आधी सैल, मग मध्यम..."

"न घातलेल्या पायाचं तो काय सांगणार?"

ते पेन्सिल फिरवू लागले. मग हळूच म्हणाले, "आणि चुकलं असतं तर? भाऊ तुमचाच आहे."

उत्तर बाईंनी दिलं. "मास्तर, चुकलं असतं तर दोन दांड्यांमध्ये दहा मिनिटं चालवलं असतं, खोबण काढून पाय पाहिला असता, लाल झालं असतं तिथे घासलं असतं. हे तुम्हीच मला शिकवलंत. त्या शिक्षिकेला तुम्ही प्रश्न कमी विचारले असं नाही. जो विचारायचा तो विचारला नाही, आणि पहिल्या दिवशी पाय उघडून पाहिला नाही. त्याची भरपाई म्हणून या माणसाला न्हाणीघराची फरशी विचारता?"

मास्तरांनी चिठ्ठ्यांचं रबर सरळ केलं आणि त्या परत खिशात घातल्या.

बाईंनी धाकट्याला त्याच आठवड्यात बोलावलं. जुन्या ठोकळ्याचा आणि पायाचा घेर मोजून पाहिला तर दोन बोटांचा फरक निघाला. पाच महिन्यांत पाय बारीक झाला होता. म्हणजे ज्या मापावर ती एक्केचाळीस उत्तरं उभी होती ते मापच राहिलं नव्हतं. आणि गुडघा पूर्ण सरळ होईना. बाईंनी तळहाताने हलकं दाबून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आखडलाय."

त्यांनी नवा साचा घेतला आणि तीनच गोष्टी विचारल्या. डोळे मिटायला लावून पायाला ठिकठिकाणी टोचलं, कळतं का? सगळीकडे कळत होतं. हाताने दाबून विचारलं, इथे भार दिला तर सोसेल? आणि शिडी उतरताना आधी कुठला पाय?

धाकट्या म्हणाला, "बस? न्हाणीघराचं काही नाही?"

बाई म्हणाल्या, "हे बघा भाऊ, उत्तर हो आलं काय आणि नाही आलं काय, माझ्या हाताला जर तेच करायचं असेल, तर मी विचारायचं कशाला? आता उरलेलं तुमचा पाय सांगेल. पहिला पाय थोडा चुकणार, हे धरूनच चला. पण घातल्यावर चूक दिसते, आणि दिसली की काढता येते."

अठरा दिवसांनी तो हातांनी धरायच्या त्या दोन दांड्यांमध्ये उभा राहिला. चार फेऱ्या मारल्या. खोबण काढली तेव्हा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जिथे हाडाचं टोक असतं, तिथे लाल डाग होता. "हं," बाई म्हणाल्या, ओळखीचं माणूस भेटल्यासारखं. ती जागा आतून मोकळी केली. दुसऱ्या दिवशी डाग फिका. चौथ्या दिवशी नव्हता. घट्ट की सैल, ज्यावर आमचे तीन आठवडे गेले होते, ते धाकट्याने पहिल्याच फेरीत सांगितलं, "वर जरा आवळतंय." आणि काम झालं.

पण गुडघा काही त्या अठरा दिवसांत सुटला नाही. बाईंनी वाकलेल्या गुडघ्याला जुळेल असा पाय बसवला होता. त्यावर तो चालत होता, जरा बसकं, पण चालत होता. मुदतीच्या दिवशी मी त्याच्याबरोबर डेपोत गेलो. फाटकापासून खड्ड्यापर्यंत तो काठीशिवाय गेला. जुने सोबती टाळ्या वाजवायला लागले. "या या, नवीन स्पेअर पार्ट बसवून आले!" असं कुणी ओरडलं. धाकट्या हसला. मग शिडी उतरला. उतरला नीट. वर चढताना पाय पूर्ण ताठ व्हावा लागतो. दुसऱ्या पायरीवर तो थांबला, दोन्ही हातांनी कठडा धरला, पुन्हा जोर केला. गुडघा ताठ होईना. दोघांनी खाली उतरून त्याला वर घेतलं.

डेपोचे साहेब वाईट नव्हते. त्यांनी त्याला चौकशीच्या खिडकीवर घेतलं. दिवसभर खुर्चीत बसून कुठली बस कधी सुटते ते सांगायचं. नोकरी राहिली, असं सगळे म्हणाले. वीस वर्षं गाडीच्या पोटातला आवाज ऐकून बिघाड सांगणारा माणूस, आता लोक त्याला विचारतात आणि तो पाटीवर बघून वाचतो.

परत येताना बसमध्ये मी त्याला म्हणालो, "मास्तरांनी दगा दिला."

तो खिडकीबाहेर बघत होता. "मास्तर माझे कोण?" म्हणाला. "त्यांची भीती त्यांच्यापाशी. चिठ्ठी रोज घरी कोण आणत होतं? तू माझा दादा ना? चाळीस पावलं चालून एकदा बघायला काय झालं होतं? दहाव्या चिठ्ठीला तरी म्हणायचंस, मास्तर, बास झालं विचारणं, जमेल तसा करा."

मी म्हणालो, "मला वाटलं..."

"तुला वाटलं. मी तुझ्या वाटण्यावर तिकडचा पाय सोडला."



मास्तर त्याच वर्षी पावसाळ्यानंतर निवृत्त झाले. निवृत्त व्हायच्या आधी त्यांनी एक गोष्ट केली, आणि साहेबांना तीच पुस्तिकेत हवी आहे. बाईंच्या साच्यावरून, कुणी सांगितलेलं नसताना, कुणालाही एक शब्द न विचारता त्यांनी धाकट्यासाठी नवा पाय केला. नऊ दिवसांत. स्वतः घेऊन आमच्या घरी आले. धाकट्याने तो घातला, अंगणात दोन फेऱ्या मारल्या, काढून पाहिलं. कुठेच डाग नव्हता. नंतर तो पाहून बाई स्वतःच म्हणाल्या की असं काम त्यांना दहा वर्षांत जमणार नाही.

मास्तर खाली जमिनीवर बसूनच होते. वर बघून त्यांनी विचारलं, "कसा आहे?"

"उत्तम आहे," धाकट्या म्हणाला. "म्हणजे तुम्हाला येत होतं."

मास्तरांनी मान हलवली. नाही म्हणायला की हो म्हणायला, मला सांगता यायचं नाही. भावजयीने आत चहा ठेवला होता, तो न घेताच ते गेले. मी फाटकापर्यंत पोचवायलासुद्धा गेलो नाही. आता वाटतं जायला हवं होतं. तेव्हा नाही वाटलं.

धाकट्या तोच पाय वापरतो. चांगल्या वस्तूवर राग काढणारा तो नाही. माझ्याशी बोलतो, पाणी आलं का, दिवा गेला का, एवढंच. मी पुष्कळदा वर जाऊन विचारलं, मी काय करू म्हणजे तुझा राग जाईल? तो म्हणाला, "दादा, ते तू मला विचारू नकोस." गेल्या महिन्यापासून मी विचारत नाही. सकाळी साडेसहाला वर जातो, त्याचा गुडघा हातात घेतो आणि दाबून सरळ करायचा प्रयत्न करतो, बाईंनी दाखवलं तसं. मला ते नीट जमत नाही. पहिल्या दिवशी तो ओरडला, "अरे, तिथे नाही, वर!" मी हात वर घेतला. एवढ्या उशिरा त्याचा उपयोग किती, हे बाईंनाही सांगता येत नाही. त्याने हात झिडकारला नाही, एवढं मात्र खरं.

मास्तरांविषयी लिहायला सांगितलं होतं आणि हे असं झालं. ते उत्तम कारागीर होते. पुस्तिकेत तेवढं एक वाक्य घेतलं तरी चालेल.